‘नाही’ पडद्यावर कधी यावं?

‘ऊस तुटून गेला की रानातलं पाचट जाळायचं…’ असं म्हणून वक्ता थांबतो. मंडपात थोडी चुळबुळ होते. मग तो ठासून म्हणतो, ‘नाही!’ इंदापूर तालुक्यातल्या बावड्यासारख्या ऊसपट्ट्यातल्या गावात पीक मेळाव्याला हे वाक्य कुणीही सहज टाळ्या घेत बोलेल. पण त्याच भाषणाचा व्हिडिओ करून खाली सबटायटल द्यायची वेळ आली, की हेच वाक्य अडतं. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेपटाला असतात. त्यामुळे सबटायटल थांब्यावर तोडलं, तर ऐकू न येणाऱ्या माणसाला जवळजवळ सेकंदभर नेमका उलटा सल्ला दिसतो. मध्येच व्हिडिओ थांबवून कुणी त्याचा फोटो काढला, तर तो सल्ला तसाच फिरत राहतो.

म्हणून सबटायटलचं काम दोन टप्प्यांत करावं लागतं. आधी बोललेले शब्द बरोबर उतरवायचे आणि मग ते आवाजाला जुळवायचे.

उतरवताना विषय माहीत असावा लागतो. वक्ता म्हणतो, ‘यंदा दोनशे पासष्ट लावलाय.’ शेताची माहिती नसलेला माणूस इथे ‘२६५ रोपं’ की ‘२६५ टन’, या विचारात पडेल. ऊस उत्पादकाला मात्र तो ‘फुले २६५’ हा वाण आहे हे लगेच कळतं. को ८६०३२ या वाणाचंही तसंच. त्याला ‘नीरा’ असंही नाव आहे आणि बावड्याजवळून नीरा नदीही वाहते. ‘नीरेला पाणी कमी पडलं’ या वाक्यातली नीरा नदी की ऊस, हे मागचंपुढचं ऐकूनच ठरतं. उच्चार गावाकडचा असला तरी शब्द आणि त्यांचा क्रम वक्त्याचाच ठेवायचा. ‘पाचट जाळू नये’ अशी पुस्तकी दुरुस्ती केली, की कानावर एक पडतं आणि डोळ्यांना दुसरंच दिसतं.

मजकूर तयार झाला की वेळ लावायची. Subtitle Edit सारख्या प्रोग्राममध्ये आवाजाचा आलेख दिसतो. आवाज मोठा तिथे रेषा फुगते आणि शांततेत ती सपाट होते. ‘ऊस’ स्वराने सुरू होतो, त्यामुळे त्याची सुरुवात आलेखात ठळक दिसते. पुढच्या वाक्याचा पहिला शब्द ‘सरीत’ मात्र फसवतो. ‘स’ म्हणजे जिभेच्या टोकाशी हवा घासून होणारा बारीक फुत्कार. त्याची कंपनं फार जलद असतात, पण जोर कमी असतो, म्हणून आलेखातली रेषा पुढच्या ‘अ’ला फुगते आणि शब्द सुमारे दशांश सेकंद उशिरा सुरू झाल्यासारखा वाटतो. याला उपाय म्हणजे स्पेक्ट्रोग्राम. त्यात कोणत्या क्षणी किती उंच स्वराचा आवाज होता ते रंगछटांत दिसतं, आणि ‘स’चा धुरकट पट्टा वरच्या भागात स्पष्ट उमटतो. सबटायटल त्या पट्ट्याच्या सुरुवातीला लावायचं.

आपलं वाक्य आता फाइलमध्ये असं बसतं :

```
4
00:00:12,360 --> 00:00:16,880
ऊस तुटून गेला की
रानातलं पाचट जाळायचं नाही.

5
00:00:17,240 --> 00:00:20,200
सरीत ठेवायचं,
बुडख्यांवरचं बाजूला ओढायचं.
```

ही .srt फाइल. वर अनुक्रमांक, मग तास, मिनिटं, सेकंद आणि स्वल्पविरामानंतर सेकंदाचे हजारावे भाग. बाणाच्या डावीकडे मजकूर दिसायची वेळ, उजवीकडे जायची. फाइल UTF-8 मध्ये जतन केली नाही, तर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. सेकंदाला २५ चित्रं असलेल्या व्हिडिओत एक चित्र ४० मिलिसेकंद टिकतं, म्हणून इथल्या सगळ्या वेळा चाळीसच्या पटीत आहेत.

वक्त्याचा थांबा सुमारे १५.३० ते १६.२० सेकंदांत येतो. इथे ‘नाही’ आधीच दाखवलं आहे, म्हणजे वक्त्याने ताणलेली उत्सुकता वाचकाला मिळत नाही. विनोदी भाषण असतं, तर मी उलट केलं असतं. हशा शेवटच्या शब्दावर अवलंबून असेल, तर तो शब्द वेगळा काढून त्याच्या उच्चारालाच दाखवायचा. सल्ला असेल, तिथे मात्र नकार क्रियापदापासून तोडायचा नाही. ओळही ‘जाळायचं’नंतर न तोडता ‘की’नंतर तोडली आहे, कारण अर्थाचा सांधा तिथे आहे.

वाचायला वेळ पुरतो का, हे पाहताना मराठीत एक गफलत होते. संगणक अक्षरं मोजताना मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याचं चिन्हही वेगळं धरतो. ‘विद्यार्थ्यांनी’ हा शब्द डोळ्यांना वि, द्या, र्थ्यां, नी असा चार अक्षरांचा, पण संगणकाच्या हिशेबी पंधरा चिन्हांचा. आपल्या चौथ्या सबटायटलमध्ये २१ अक्षरं आहेत, तर चिन्हं ३५. त्यामुळे इंग्रजीसाठी घातलेली ‘सेकंदाला इतकी अक्षरं’ ही मर्यादा जशीच्या तशी लावली, की प्रोग्राम जोडाक्षरी ओळींवर उगाच लाल खूण करतो. त्यापेक्षा ओळ मनात एकदा नेहमीच्या गतीने वाचून पाहावी. ती दोनदा वाचून होत असेल, तर वेळ भरपूर आहे.

तासाभराचं भाषण हाताने जुळवणं जिकिरीचं असतं, म्हणून मजकूर आणि आवाज दोन्ही देऊन संगणकाकडून जुळणी करून घेता येते. तो मजकुरातून उच्चारांची साखळी तयार करतो, आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलांनी तुकडे पाहतो आणि क्रम न बदलता कोणता उच्चार कुठे सर्वांत चांगला बसतो ते शोधतो. इथे मराठीची खोच आडवी येते. ‘करतो’ आपण लिहितो तसं बोलत नाही, ‘कर्तो’ म्हणतो. ‘केलं’मधल्या अनुस्वाराला नाकातला आवाज नसतो. ‘चार’ आणि ‘चांगला’ यांतला ‘च’ वेगवेगळा असतो. हे नियम जुळणीच्या उच्चारकोशात नसतील, तर शब्द थोडे सरकतात. त्याहून मोठी चूक मजकुरातून होते. वक्ता ‘आपलं, आपलं’ असं दोनदा म्हणाला आणि उतरवणाऱ्याने एकदाच लिहिलं, तर उरलेला आवाज शेजारच्या शब्दाला चिकटतो. एखादा छोटा शब्द दीड-दोन सेकंद ताणलेला दिसला, तर तिथे काहीतरी गाळलं आहे असं समजावं. कर्ण्यांचा आवाजही त्रास देतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर लांबचा कर्णा दशांश सेकंद मागे राहतो आणि मागे ठेवलेल्या मोबाइलच्या आवाजात प्रत्येक शब्द दोनदा उमटतो. जुळणीसाठी मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज वापरला, तर हा घोळ टळतो.

शेवटी दोन ठिकाणी तपासायचं, पहिल्या मिनिटात आणि शेवटच्या. दोन्हीकडे सबटायटल सारखंच उशिरा येत असेल, तर सगळ्या वेळा तेवढ्याच अलीकडे ओढल्या की काम झालं. सुरुवात बरोबर आणि चाळिसाव्या मिनिटाला २.४ सेकंदांचा फरक, असं असेल तर चूक हजारात एक या दराने वाढत आली आहे. सेकंदाला ३० चित्रं आणि २९.९७ चित्रं यांत गल्लत झाली, की नेमका एवढाच फरक पडतो. तेव्हा वेळा सरकवून उपयोग नाही, सगळ्यांना त्याच प्रमाणात ताणावं किंवा आवळावं लागतं. आणि फरक मध्येच वाढून मध्येच कमी होत असेल, तर मोबाइलने चित्रांचा वेग बदलत बदलत टिपलं असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी आधी व्हिडिओ स्थिर वेगाचा करून घ्यायचा आणि सबटायटलची जुळणी त्या नव्या प्रतीवरच करायची.