साग्या, तू मला ‘ब्रो’ कधीपासून म्हणायला लागलास?

‘हाय ब्रो. अर्जंट आहे. बिझी आहेस का?’

गुरुवारी रात्री पावणेनऊला निखिलच्या व्हॉट्सॲपवर हा मेसेज आला. पाठवणारा सागर. नंबर तोच, फोटोही तोच. वर पाहिलं तर आदल्या रविवारी दोघं सदाशिवगडावर चढले होते, तिथले फोटो. त्याच्या वर सागरच्या आईने केलेल्या सांडग्यांची चौकशी. नऊ वर्षांच्या गप्पांच्या शेपटाला हा नवा मेसेज येऊन चिकटला होता.

निखिल आणि सागर ही नावं मी दिलेली आहेत आणि गोष्टही रचलेली आहे. पण तिच्यातली एकेक पायरी अशा फसवणुकीत खरोखर घडणारी आहे. काळ २०२४चा फेब्रुवारी. निखिल पुण्यात नोकरीला, सागरचं कराडला कृषी सेवा केंद्र. कॉलेजात दोघं एका खोलीत राहिलेले.

‘बोल ना साग्या,’ निखिलने लिहिलं. उत्तर आलं: बाबांना ॲडमिट केलंय, माझं यूपीआय चालत नाहीये, वीस हजार लगेच हवेत. थेट डॉक्टरांच्या नंबरवर टाक, सकाळी परत करतो.

निखिल अगदीच भोळा नव्हता. त्याने आधी व्हॉट्सॲपवरून फोन लावला, तो कापला गेला. ‘आयसीयूच्या बाहेर आहे, बोलता येत नाही,’ असा मेसेज आला. मग त्याने साधा फोन लावला. चार रिंग वाजल्या आणि तोही कापला गेला. लगेच मेसेज: ‘साग्या बोलतोय रे, प्लीज.’

निखिलने वीस हजार पाठवले.

अशा वेळी ‘फोन करून खात्री करा’ असं सगळेच सांगतात. निखिलने फोन केला होता, तोही दोनदा. मग चुकलं कुठे? त्यासाठी त्याच दिवशी दुपारी कराडला काय घडलं ते पाहायला हवं.

सागर ठिबकच्या सुट्या भागांच्या पार्सलची वाट पाहत होता. सव्वाचारला कुरिअरवाल्याचा म्हणून फोन आला. पत्ता अपुरा आहे, डिलिव्हरीवाला सापडत नाहीये, मी सांगतो तो नंबर डायल करा म्हणजे तो थेट जोडला जाईल. नंबर होता *401* आणि पुढे दहा आकडे. समोर गिऱ्हाईक उभं होतं. सागरने नंबर फिरवला, पडद्यावर काहीतरी इंग्रजी ओळ आली, त्याने फोन खिशात टाकला.

ती ओळ सांगत होती की तुमच्या फोनवर येणारे सगळे कॉल आता दुसरीकडे वळवले आहेत. *401* हा काही मोबाइल कंपन्यांचा कॉल फॉरवर्डिंगचा कोड. त्यापुढे जो नंबर लावाल, त्यावर तुमचे फोन जायला लागतात. तुमचा फोन वाजतसुद्धा नाही. तुम्ही दुसऱ्याला फोन लावू शकता, एसएमएस येत राहतात, म्हणून काही बिघडलंय असं वाटत नाही.

मग चोराने आपल्या मोबाइलवर व्हॉट्सॲप उघडून त्यात सागरचा नंबर घातला. व्हॉट्सॲप अशा वेळी सहा आकडी कोड पाठवतं, आणि तो बहुधा एसएमएसने जातो. एसएमएस सागरच्याच फोनवर आला, त्याने पाहिलाही नाही. पण कोड एसएमएसने मिळाला नाही तर फोन करून तोंडी सांगायची सोयही व्हॉट्सॲपने ठेवली आहे. चोराने ती निवडली. फोन सागरच्या नंबरला गेला, तिथून वळून चोराकडे आला आणि यंत्राने कोड वाचून दाखवला. ना पासवर्ड फोडावा लागला, ना मोबाइल हातात घ्यावा लागला.

आता निखिलचा साधा फोन का कापला गेला ते कळेल. तोही चोराकडेच गेला होता. ज्या दोन वाटांनी निखिल खात्री करू पाहत होता, त्या दोन्हींच्या टोकाला एकच माणूस बसला होता.

सागरचं व्हॉट्सॲप पाचच्या सुमारास बंद पडलं. हा नंबर आता या फोनवर नोंदलेला नाही, असं काहीसं दिसलं. त्याने पुन्हा नोंदणी करायचा प्रयत्न केला, तर काही तास थांबा म्हणून उत्तर आलं. पुन्हापुन्हा कोड मागितला की व्हॉट्सॲप पुढची मागणी काही काळ अडवून धरतं, आणि चोराने तोवर तो भरपूर वेळा मागून ठेवला होता. सागरला वाटलं, ॲपचंच काहीतरी असेल. संध्याकाळभर एकही फोन आला नाही. तेवढीच शांतता, म्हणून तो खुशीत होता.

पण चोराच्या हाताला सगळं लागलेलं नव्हतं, आणि माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात बघण्यासारखा भाग हाच आहे. व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा मालकाच्या फोनमध्ये किंवा त्याच्या बॅकअपमध्ये असतात. दुसऱ्या फोनवर नुसत्या कोडने खातं उघडलं, तर ग्रुप दिसतात, त्यातले नंबर दिसतात, पण आधीचं बोलणं दिसत नाही. निखिलच्या पडद्यावर नऊ वर्षं होती, चोराच्या पडद्यावर पाटी कोरी होती. सागर निखिलला ‘निख्या’ म्हणतो, फारच लाडात आला तर ‘भावा’. ते चोराला ठाऊक असणार कुठून? म्हणून ‘ब्रो’. सागरच्या मावशी त्यांच्या घरच्या ग्रुपमध्ये होत्या. त्यांनाही ‘हाय ब्रो’ गेलं. मावशींनी हे पोरगं काय प्यायलंय म्हणून फोन खाली ठेवला, आणि त्यांचे पैसे वाचले.

मग ‘साग्या बोलतोय’ हे चोराला कसं सुचलं? निखिलनेच आधी लिहिलं होतं, ‘बोल ना साग्या.’ चोर निखिलच्या उत्तरातूनच शिकत होता. म्हणून संशय आल्यावर ‘बाबांना तोच जुना त्रास झाला का?’ असं विचारून उपयोग नसतो. ‘हो, तोच’ एवढं उत्तर पुरतं. ‘आपली खोली कितव्या मजल्यावर होती?’ असं विचारलं असतं, तर चोराची गाडी तिथेच अडली असती.

वीस मिनिटांनी दुसरी मागणी आली. अजून पंधरा हजार, औषधांसाठी. या वेळी यूपीआयचा नंबर वेगळा होता. पैसे पाठवण्याआधी ॲपमध्ये खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. पहिल्या वेळी तिथे एका बाईंचं नाव होतं, पण ‘डॉक्टरांच्या नंबरवर टाक’ हे आधीच सांगून ठेवल्यामुळे परकं नाव निखिलला खटकलं नाही. आता तेच डॉक्टर, पण नाव एका पुरुषाचं. निखिलचा अंगठा तिथे थांबला.

चोराला खाती बदलावी लागतात ती वेगळ्याच कारणाने. ही भाड्याची खाती असतात. कुणीतरी थोड्या पैशांसाठी आपलं खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दिलेलं असतं. तक्रार आली की खातं गोठतं, म्हणून एकाच खात्यावर फार रक्कम साचू द्यायची नसते.

निखिलने सागरच्या आईला फोन लावला.

‘काकू, काका कुठल्या हॉस्पिटलात आहेत?’

‘हॉस्पिटलात? ह्ये काय हितं सागरसंगं जेवायला बसल्यात. का रं?’

नऊ वाजून वीस मिनिटांनी निखिलने १९३० हा नंबर फिरवला. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी केंद्रीय गृहमंत्रालयाने ठेवलेली ही हेल्पलाइन. तिथे हकिगत कमी आणि तपशील जास्त विचारतात: पैसे कुठल्या बँकेतून गेले, किती वाजता, कुठल्या यूपीआय आयडीवर, आणि व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक कोणता. हा क्रमांक ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवलं की मिळतो. तक्रार नोंदली की ती पैसे गेलेल्या बँकेकडे पोचते. पैसे अजून त्या खात्यात असतील तर बँक तेवढी रक्कम रोखून धरते. पुढच्या खात्यात सरकवले असतील तर तक्रार त्यांच्या मागोमाग पुढच्या बँकेकडे जाते. एटीएममधून नोटा निघाल्या की मात्र माग संपतो. निखिलच्या वीस हजारांपैकी साडेसहा हजार अडकले, बाकीचे तोवर निघून गेले होते. अडकलेले हातात यायलाही तेव्हा न्यायालयाचा आदेश लागायचा. फोननंतर cybercrime.gov.in वर रीतसर तक्रार पुरी करायची असते, ती त्याने त्याच रात्री केली.

बँकेकडून भरपाई? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७चं परिपत्रक तेव्हा ग्राहकाला संरक्षण देत होतं, पण ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. इथे पिन निखिलने स्वतः टाकला होता. बँकेच्या हिशेबी हा त्याने राजीखुशीने केलेला व्यवहार. नियम म्हणून हे समजतं. पण फसवून घेतलेल्या संमतीला संमती म्हणणं मला पटत नाही.

तिकडे सागरने, निखिलच्या सांगण्यावरून, आधी ##002# डायल केलं. त्याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. हा क्रम महत्त्वाचा, कारण फोन वळलेलेच राहिले तर चोर पुन्हा तोंडी कोड मिळवून आत येतो. मग थांबायची मुदत संपल्यावर त्याने एसएमएसचा कोड टाकला. चोर त्याच क्षणी बाहेर फेकला गेला, पण सागरही आत जाऊ शकला नाही. चोराने खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा स्वतःचा पिन लावून ठेवला होता. तो माहीत नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. हाच पिन सागरने आधी स्वतः लावलेला असता, तर चोराला फोनवर ऐकलेल्या सहा आकड्यांचा काही उपयोग झाला नसता. सेटिंगमध्ये ते दोन मिनिटांचं काम आहे.

त्याच वर्षी १५ एप्रिलपासून, असे कोड फिरवून कॉल वळवण्याची सोय बंद ठेवायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं. पण चोरांकडे दुसऱ्या वाटा होत्याच. ‘चुकून तुझ्या नंबरवर माझा कोड आलाय, पाठव ना’ असा मेसेज ओळखीच्याच, आधीच चोरलेल्या खात्यावरून येतो, आणि लोक तो कोड आपल्या हाताने पाठवतात.

आठव्या दिवशी सागरचं खातं परत आलं. ‘आलो रे निख्या,’ त्याने लिहिलं. निखिलच्या फोनवर तो मेसेज त्याच धाग्यात येऊन बसला. वर सदाशिवगडाचे फोटो, मध्ये चोराचे सतरा मेसेज, खाली हा. पोलिसांना लागतील म्हणून त्याने ते सतरा अजून पुसलेले नाहीत. फोटो शोधायला वर सरकवलं की दर वेळी त्या ‘ब्रो’वरूनच जावं लागतं.