कच्च्या अंड्याचं मेयोनीज गाडीवर विकायचं का?

देवळ्यात सँडविचची गाडी टाकताय आणि मेयोनीज घरीच बनवणार? मग हे आधी वाचा. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतो. फ्रिजमध्ये तो मरत नाही, फक्त वाढ मंदावते. वासावरून तो कळतही नाही. घरी खायचं तर फ्रिजमध्ये झाकून ठेवा, दोन दिवसांत संपवा. उन्हाळ्यात बाहेर तासाभरापेक्षा जास्त नको. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि कॅन्सरचे उपचार घेणारे यांनी खाऊच नये. पण गाडीवर आलेल्या गिऱ्हाईकाला आपण हे कुठे विचारतो? केरळने तर २०२३ मध्ये अशा मेयोनीजवर बंदीच घातली. म्हणून विकायला दुधाचं करा: अर्धा कप थंड दूध मिक्सरमध्ये फिरवत एक कप तेल बारीक धारेनं सोडा, शेवटी मीठ आणि चमचाभर लिंबूरस. हेही फ्रिजमध्येच ठेवा.