सी लिंक ‘झुलता पूल’ आहे का? फोटोवरून पुलाचा प्रकार असा ओळखा

वांद्रे-वरळी सी लिंकच्या फोटोखाली ‘झुलता पूल’ असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. केबल दिसल्या की पूल झुलता, एवढाच हिशोब त्यामागे असतो. पण सी लिंक झुलता पूल नाही, आणि ते फोटोवरूनच कळतं.

खरा झुलता पूल पाहायचा तर सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पाहा. तिथे दोन मनोऱ्यांच्या मध्ये जाडजूड मुख्य केबल वाळत घातलेल्या दोरीसारखी खाली झुकलेली आहे. तिला उभ्या केबल लटकवल्या आहेत आणि त्यांनी रस्ता धरून ठेवलाय. मुख्य केबल मनोऱ्यांवरून पलीकडे जाते आणि किनाऱ्यावर काँक्रीटच्या अवजड ठोकळ्यांत रोवली जाते. सगळा ताण शेवटी हे ठोकळे पेलतात.

आता सी लिंकचा फोटो झूम करा. झुकलेली केबल कुठेच सापडणार नाही. मनोऱ्यापासून निघालेल्या केबल सरळ, तिरक्या रेषेत थेट रस्त्याला जोडल्या आहेत, पंख्याच्या काड्यांसारख्या. हा केबल-स्टेड पूल. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या केबल एकमेकींचा ओढा तोलतात आणि आडवा जोर रस्त्याचा सांगाडाच सोसतो. त्यामुळे किनाऱ्यावर तसे ठोकळे लागत नाहीत.

कमानी पुलात मात्र एक फसगत होते. जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब पुलाची पोलादी कमान रुळांच्या खाली आहे, त्यामुळे तो चटकन ओळखू येतो. पण काही पुलांची कमान रस्त्याच्या वर असते आणि तिलाही उभ्या केबल लटकलेल्या असतात. अशा वेळी फक्त बाक बघायचा. वर फुगलेला असेल तर कमान, खाली झुकलेला असेल तर झुलता पूल. चिनाबच्याच रेल्वेमार्गावर अंजी खड्ड पूल आहे. त्याला एकच उंच मनोरा आणि तिरक्या केबल आहेत, म्हणजे तो केबल-स्टेड. दोन्हींचं उद्घाटन ६ जून २०२५ रोजी झालं, तेव्हा ‘चिनाब पूल’ म्हणून आलेल्या फोटोत मनोरा दिसला तर तो फोटो चुकीचा.

कमान नाही, केबल नाहीत, फक्त खांबांवर ठेवलेला सपाट रस्ता दिसतोय? मग तो तुळईचा, म्हणजे गर्डरचा पूल. आपल्याकडचे बहुतेक फ्लायओव्हर याच प्रकारचे.

गंमत म्हणजे सी लिंकचाही बराचसा भाग असाच आहे. एकूण लांबी सुमारे ५.६ किलोमीटर, पण केबलवर तोललेला भाग वांद्र्याकडे ६०० मीटर आणि वरळीकडे ३५० मीटर, एवढाच. बाकीचा पूल काँक्रीटच्या पोकळ तुळयांचा आहे. फोटोत मनोरे कापले गेले असतील आणि कुणी त्याला तुळईचा पूल म्हटलं, तर त्या तुकड्यापुरतं तेही बरोबरच.