बुबुळाच्या वरची पांढरी पट्टी

लेनिनची पत्नी नाद्येझ्दा क्रुपस्काया हिचे तरुणपणचे फोटो पाहिले तर डोळे चारचौघींसारखेच दिसतात. उतारवयातल्या फोटोंत मात्र ते बटबटीत, पुढे आलेले आणि टक लावून पाहणारे आहेत. विरोधकांनी तिच्या रूपाची टिंगल केली; कारण होतं गळ्यातली थायरॉईड ग्रंथी.

अशा फोटोत आधी वरची पापणी पाहावी. एरवी ती बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. सहज समोर पाहतानाही बुबुळाच्या वर पांढरं दिसत असेल, तर पापणी वर ओढली गेली आहे. थायरॉईडचं संप्रेरक वाढलं की पापणी उचलणारे स्नायू ताणलेले राहतात आणि माणूस दचकल्यासारखा दिसतो. हे कारण कुठलंही असो, संप्रेरक जास्त झालं की घडू शकतं आणि ते आटोक्यात आलं की बरंचसं ओसरतं.

डोळा खरोखर पुढे येणं ही वेगळी गोष्ट. ती प्रामुख्याने ग्रेव्हज आजारात दिसते. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईडला भडकवते आणि डोळ्यामागची चरबी व स्नायूही सुजवते. खोबणी हाडाची, ती काही ताणत नाही. मग डोळ्याला पुढेच सरकावं लागतं.

१९१३ साली लेनिन तिला बर्नला घेऊन गेला. तिथे थिओडोर कोखर यांनी तिच्या थायरॉईडवर शस्त्रक्रिया केली. याच ग्रंथीवरच्या कामासाठी त्यांना १९०९ चं नोबेल मिळालं होतं, म्हणजे वैद्य निवडण्यात कसूर नव्हती. तरीही पुढच्या फोटोंत डोळे तसेच आहेत. यात नवल नाही: ग्रंथी शांत झाली तरी डोळ्यामागची सूज आपल्या गतीने चालते, आणि ती ओसरल्यावरही वाढलेली चरबी नि जाड झालेले स्नायू मागे राहू शकतात. धूम्रपानाने हा त्रास आणखी बळावतो.

फोटोवरून निदान मात्र होत नाही. मोठ्या मायनस नंबरचे डोळे मुळातच मोठे दिसतात, आणि कॅमेरा फार जवळ धरला तरी चेहरा बिघडतो. म्हणून डॉक्टर पाच-दहा वर्षांपूर्वीचा फोटो मागतात आणि वजन घटणं, धडधड, हाताची थरथर, घाम याबद्दल विचारतात. रक्तात टीएसएच घसरलेलं आणि टी-३, टी-४ वाढलेलं असेल तर संशय पक्का होतो. कधी रक्त ठीक असूनही डोळे आधी सुजतात. तेव्हा ग्रेव्हजच्या प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते.

एकच डोळा पुढे आला तरी कारण बहुधा थायरॉईडच निघतं, पण मागे गाठ नाही ना, हे स्कॅन करून पाहावं लागतं. रंग फिके दिसू लागले किंवा नजर अंधुक झाली तर डोळ्याची नस दाबली जात असू शकते; तेव्हा त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं.