९८ टक्के म्हणजे किती मोल?

प्रयोगशाळेत येणाऱ्या तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या बाटलीवर सहसा तीन आकडे असतात: शुद्धता ९८ टक्के, घनता सुमारे १.८४ आणि रेणुभार ९८.०८. एखाद्या प्रयोगाच्या कृतीत मात्र ‘१ मोलर आम्ल घ्यावे’ असे लिहिलेले असते, तर उत्कलनबिंदू किंवा बाष्पदाबाच्या गणितात मोलॅलिटी किंवा मोल अपूर्णांक लागतो. बाटलीतले आम्ल तेच राहते, फक्त ते किती आहे हे सांगायच्या पद्धती बदलतात. एका पद्धतीतून दुसरीत जायला बाटलीवरचे हे तीन आकडे पुरेसे असतात. त्यांतला कोणता आकडा कुठे वापरायचा, एवढेच कळावे लागते.

चारही पद्धतींत आम्लाचे प्रमाण वर असते आणि फरक पडतो तो खालच्या भाजकात. वस्तुमान टक्केवारीत आम्लाच्या वजनाला संपूर्ण द्रावणाच्या वजनाने भागतात. मोलॅरिटीत आम्लाच्या मोलांना द्रावणाच्या आकारमानाने, म्हणजे लीटरने भागतात. मोलॅलिटीत भाजक असतो फक्त पाण्याचे वजन, किलोग्रॅममध्ये. मोल अपूर्णांकात आम्लाच्या मोलांना आम्ल आणि पाणी यांच्या एकूण मोलांनी भागतात. यांतली लीटर ही एकच मोजणी आकारमानाची आहे, म्हणून घनता लागते ती फक्त मोलॅरिटीसाठी. बाकीच्या तिघांचे आपसांतले रूपांतर घनतेशिवाय होते. अनेक विद्यार्थी प्रत्येक उदाहरणात घनता कुठेतरी बसवायचा प्रयत्न करतात आणि तिथेच घोटाळा होतो.

टक्केवारी दिलेली असेल तर हिशेबासाठी नेमके १०० ग्रॅम द्रावण घ्यावे. ९८ टक्के आम्लाच्या १०० ग्रॅममध्ये ९८ ग्रॅम आम्ल आणि २ ग्रॅम पाणी असते. ९८ ला ९८.०८ ने भागले की ०.९९९२ मोल आम्ल मिळते. पाण्याचे २ ग्रॅम १८.०१५ ने भागले की ०.१११ मोल मिळतात. आता एकेक भाजक बदलत जायचे. मोल अपूर्णांक म्हणजे ०.९९९२ भागिले १.११०२, म्हणजेच ०.९००. मोलॅलिटीसाठी पाणी ०.००२ किलो आहे, त्यामुळे उत्तर येते सुमारे ५०० मोल प्रति किलो. मोलॅरिटीसाठी या १०० ग्रॅमचे आकारमान काढावे लागते. २० अंश सेल्सिअसला ९८ टक्के आम्लाची घनता १.८३६ आहे, म्हणून १०० ग्रॅम आम्ल ५४.४६ मिलिलीटर जागा घेते. ०.९९९२ ला ०.०५४४६ ने भागले की १८.३५ मोल प्रति लीटर. प्रयोगशाळेत ‘तीव्र सल्फ्युरिक म्हणजे १८ मोलर’ असे सर्रास म्हणतात, ते यावरूनच.

दिलेला आकडा मोलॅरिटीचा असेल तर १०० ग्रॅमऐवजी १ लीटर द्रावणापासून सुरुवात केलेली बरी. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल १२ मोलर आणि घनता १.१८ असे धरू. एक लीटर द्रावणाचे वजन ११८० ग्रॅम. त्यातले आम्ल १२ गुणिले ३६.४६, म्हणजे ४३७.५ ग्रॅम. उरलेले ७४२.५ ग्रॅम पाणी. एवढे कळले की टक्केवारी ३७.१, मोलॅलिटी १६.२ आणि मोल अपूर्णांक ०.२२५ हे तिन्ही आकडे ओळीने निघतात. इथली महत्त्वाची पायरी वजाबाकीची आहे. एक लीटर द्रावणात एक लीटर पाणी नसते, म्हणून पाणी किती ते द्रावणाच्या एकूण वजनातून आम्लाचे वजन वजा करूनच काढावे लागते.

सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोन चुका गमतीशीर आहेत, कारण दोन्हींचे उत्तर एकच येते. घनता विसरून १०० ग्रॅम आम्लाला १०० मिलिलीटर मानले, तर ९८ टक्के सल्फ्युरिक आम्लाची मोलॅरिटी १८.३५ ऐवजी ९.९९ येते. मोलॅलिटी काढताना पाण्याऐवजी संपूर्ण द्रावणाचे वजन भाजकात घातले, तरी ५०० च्या जागी ९.९९ च येते. वहीत हा आकडा दिसला की समजावे, तो मोलॅरिटीही नाही आणि मोलॅलिटीही नाही. तो आहे द्रावणाच्या एका किलोतला मोलांचा आकडा.

उत्तर बरोबर आहे का, हे पडताळायला एक सोपी कसोटी आहे. मोलॅलिटीला मोलॅरिटीने भागले की जे उत्तर येते, त्याचा व्यस्तांक म्हणजे एक लीटर द्रावणात असलेले पाणी, किलोग्रॅममध्ये. ५०० ला १८.३५ ने भागले की सुमारे २७.२ येतात आणि त्याचा व्यस्तांक ०.०३७, म्हणजे लीटरमागे ३७ ग्रॅम पाणी. १८३६ ग्रॅमचे २ टक्के ३६.७ ग्रॅमच होतात, तेव्हा हिशेब जुळला. लीटरमागे एक किलोपेक्षा कमी पाणी असेल तर मोलॅलिटी नेहमी मोलॅरिटीपेक्षा मोठी असते. तीव्र आम्लाच्या गणितात मोलॅलिटी लहान आली, तर पायऱ्या पुन्हा तपासाव्यात.

प्रत्यक्ष वापरात सर्वाधिक काम मोलॅरिटीचे पडते. १ मोलर आम्ल एक लीटर करायचे, तर १ ला १८.३५ ने भागून ५४.५ मिलिलीटर तीव्र आम्ल लागेल. याचा अर्थ त्यात ९४५.५ मिलिलीटर पाणी घालावे असा मात्र होत नाही. आम्ल आणि पाणी मिसळताना आकारमान घटते. एक लीटर १ मोलर द्रावण बनायला आम्लाखेरीज सुमारे ९६० मिलिलीटरहून थोडे अधिक पाणी जाते. दोन्ही आकारमानांची बेरीज हजारापेक्षा पंधरा-सतरा मिलिलीटरने जास्त भरते, आणि मिसळल्यावर तेवढे आकारमान नाहीसे होते. म्हणून मोजफ्लास्कमध्ये आधी बरेचसे पाणी घ्यावे, आम्ल थोडे थोडे ओतत ढवळावे, द्रावण थंड होऊ द्यावे आणि शेवटी खुणेपर्यंत पाणी भरावे. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही. मिसळताना निघणाऱ्या उष्णतेने वर पडलेले थोडेसे पाणी उकळून आम्ल बाहेर उडते. गरम द्रावण खुणेपर्यंत भरले तर थंड झाल्यावर पातळी खाली जाते आणि मोलॅरिटी ठरवलेल्यापेक्षा वाढते.

तापमानाचा हा परिणाम मोलॅरिटीपुरताच आहे. ९८ टक्के आम्लाची घनता २० अंशांना १.८३६ असते, तर ३० अंशांना सुमारे १.८२६. आम्लात काहीही न घालता, काहीही न काढता त्याची मोलॅरिटी १८.३५ वरून सुमारे १८.२५ वर येते. टक्केवारी, मोलॅलिटी आणि मोल अपूर्णांक मात्र जसेच्या तसे राहतात, कारण तापमानाने वजन बदलत नाही. यामुळेच तापमान बदलत राहणाऱ्या प्रयोगांत मोलॅलिटीला पसंती मिळते.

सल्फ्युरिक आम्लाच्या वरच्या टोकाला मात्र हा सारा हिशेब एका अडचणीत सापडतो. बॅटरीच्या आम्लाची घनता हायड्रोमीटरने पाहतात, १.२८ आकडा आला की आम्ल सुमारे ३७ टक्के आहे असे समजते. तिथे घनता टक्केवारीबरोबर नियमित वाढते. ९० टक्क्यांच्या वर ही वाढ मंदावते, ९७-९८ टक्क्यांच्या आसपास घनता कमाल होते आणि पुढे ती उलट कमी होऊ लागते. २० अंशांना ९५ टक्के आम्लाची घनता १.८३४ आणि ९९ टक्के आम्लाचीही १.८३४. दोन्ही बाटल्यांत हायड्रोमीटर सारखाच तरंगेल. म्हणजे टक्केवारीवरून घनता सारणीत शोधता येते, पण या भागात घनतेवरून टक्केवारी ठरवता येत नाही.

घनता सारखी असली तरी या दोन बाटल्यांत फरक कितपत आहे, हे कोणती पद्धत वापरता यावर अवलंबून आहे. मोलॅरिटीत तो क्षुल्लक वाटतो: ९५ टक्के आम्ल १७.८ मोलर, ९९ टक्के १८.५ मोलर. मोलॅलिटीत पाहिले तर ९५ टक्क्यांना सुमारे १९४ आणि ९९ टक्क्यांना १००९, म्हणजे पाचपटीहून जास्त! कारण भाजकातले पाणी ५ ग्रॅमवरून १ ग्रॅमवर येते. अशा ठिकाणी लेबलावरच्या ‘९८’मध्ये अर्ध्या टक्क्याची चूक असली, तर मोलॅरिटीला फारसे काही होत नाही, पण मोलॅलिटी ५०० ऐवजी सुमारे ४०० किंवा ६७० निघते. तेव्हा सगळ्यात वरच्या टोकाला मोलॅलिटी वापरू नये. मोल अपूर्णांक तिथे जास्त भरवशाचा ठरतो.

खरी टक्केवारी हवी असेल तर अनुमापन करावे लागते. एक ग्रॅम आम्ल नेमके तोलून, पाण्यात सावकाश विरल करून, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन केले, तर ९८ टक्के आम्लाला १९.९८ मिलिलीटर लागतात आणि ९५ टक्के आम्लाला १९.३७. ब्युरेटवर सहा दशांश मिलिलीटरचा हा फरक सहज वाचता येतो. आम्ल इथे तोलूनच घ्यायचे. पिपेटने घेतले तर पुन्हा घनता मध्ये येते. शिवाय घट्ट आम्लाचा थर पिपेटच्या काचेला चिकटून राहतो आणि मोजमाप चुकते.

एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या सर्व आकड्यांत पाण्यात किती H2SO4 घातले एवढेच मोजलेले असते. द्रावणात त्याचे काय झाले हे नव्हे. तीव्र आम्लातही पाण्याचे बहुतेक रेणू आम्लाकडून प्रोटॉन घेऊन हायड्रोनियम आयन बनलेले असतात. म्हणून ०.९०० हा मोल अपूर्णांक हिशेबापुरता आहे, त्या प्रमाणात सुटे रेणू तिथे तरंगत असतात असे नाही.

शंभर टक्के आम्लात पाणी शून्य होते आणि मोलॅलिटीच्या भाजकातही शून्य येतो. कारखान्यांत याच्याही पुढे जातात. तिथे सल्फर ट्रायऑक्साइड तीव्र आम्लात विरघळवून ओलियम बनवतात. २० टक्के मुक्त सल्फर ट्रायऑक्साइड असलेल्या ओलियमच्या १०० ग्रॅममध्ये ८० ग्रॅम आम्ल असते आणि उरलेले २० ग्रॅम पाणी मिळाल्यास २४.५ ग्रॅम आम्ल देऊ शकतात. म्हणून व्यापारात त्याला १०४.५ टक्के आम्ल म्हणतात. तिथे टक्केवारीचा हा आकडा ‘पुरेसे पाणी दिले तर किती आम्ल मिळेल’ एवढेच सांगतो. आणि पाण्याचे वजन उणे साडेचार ग्रॅम येत असल्याने मोलॅलिटी काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.