उत्तर पेटीत मावतं का?

टाकीत पाणी किती राहील किंवा ढिगात वाळू किती आहे, हे काढताना सूत्र बहुतेकांना आठवतं. वृत्तचितीचं घनफळ πr²h आणि शंकूचं त्याच्या एक तृतीयांश. चूक होते ती सूत्रात आकडे घालताना. त्रिज्येच्या जागी व्यास जातो, किंवा एक माप मीटरमध्ये आणि दुसरं सेंटिमीटरमध्ये राहतं. गुणाकार मग कितीही काळजीपूर्वक केला तरी उत्तर चुकतं. तोच गुणाकार पुन्हा करून ही चूक सापडत नाही, कारण चुकीचे आकडे पुन्हा तेच उत्तर देतात. ताळा वेगळ्या वाटेनं घ्यावा लागतो.

समजा, घरासमोर गोल टाकी बांधायची आहे. आतला व्यास १.२ मीटर आणि पाण्याची उंची १५० सेंटिमीटर. त्रिज्या ०.६ मीटर, तिचा वर्ग ०.३६. त्याला ३.१४ ने आणि १.५ मीटर उंचीने गुणलं की १.६९५६ घनमीटर येतात. एका घनमीटरात १,००० लिटर, म्हणजे सुमारे १,७०० लिटर पाणी.

आता ताळा. ही टाकी जिच्यात नेमकी बसेल अशी चौकोनी पेटी कल्पनेत घ्या. तिची लांबी आणि रुंदी टाकीच्या व्यासाएवढी आणि उंची टाकीएवढी. पेटीचं घनफळ १.२ × १.२ × १.५, म्हणजे २.१६ घनमीटर किंवा २,१६० लिटर. इथे π लागत नाही आणि त्रिज्याही लागत नाही, मोजपट्टीनं मोजलेला व्यास तसाच वापरता येतो. टाकी पेटीच्या आत आहे, त्यामुळे तिचं घनफळ पेटीपेक्षा कमीच असायला हवं. किती कमी, तेही ठरलेलं आहे. चौरसात बसणारं वर्तुळ चौरसाचा सुमारे ७८.५ टक्के भाग व्यापतं, कारण ३.१४ भागिले ४ म्हणजे ०.७८५. म्हणून वृत्तचिती पेटीच्या पाऊणपटीहून थोडी जास्त येते. २,१६० ची पाऊणपट १,६२०, आणि आपलं उत्तर त्याच्या जरा वर आहे. ठीक आहे.

कुणी त्रिज्येऐवजी १.२ घातले असते, तर उत्तर ६,७८० लिटरच्या आसपास आलं असतं. हे पेटीच्या तिपटीहून जास्त. सूत्रात त्रिज्येचा वर्ग असल्यानं त्रिज्या दुप्पट झाली की घनफळ चौपट होतं. उलट चूकही घडते. दिलेला आकडा त्रिज्येचाच असतो, पण त्याला व्यास समजून पुन्हा अर्धा केला जातो. खरी त्रिज्या ०.६ असताना ०.३ घातली, तर उत्तर पाव होऊन ४२५ लिटरवर येतं, म्हणजे पेटीच्या जेमतेम पाचव्या हिश्शावर. मात्र इथे पेटीसाठी खरा व्यास घ्यायला हवा, म्हणून आधी आकृती काढून तो आकडा वर्तुळाच्या आरपार गेलेल्या रेषेचा आहे की मध्यापासून काठापर्यंतच्या, हे पक्कं करावं.

शंकूसाठी हीच पेटी चालते, प्रमाण तेवढं बदलतं. शंकू वृत्तचितीच्या एक तृतीयांश असतो. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या बाराव्या भागात याची सिद्धता आहे. म्हणून शंकू पेटीच्या सुमारे २६ टक्के, म्हणजे पाव हिश्शाहून किंचित जास्त भरतो. बांधकामावरचा कोरड्या वाळूचा ढीग घ्या. ढिगाच्या आरपार टेप जात नाही, म्हणून पायथ्याचा घेर मोजून त्याला ३.१४ ने भागतात. घेर ३१.४ फूट असेल तर १० फूट मिळतात, आणि हा व्यास असतो. नेमका इथेच घोळ होतो. भागाकारातून निघालेला आकडा त्रिज्या समजून सूत्रात घातला जातो.

ढिगाची उंची ३ फूट धरू. पेटी १० × १० × ३, म्हणजे ३०० घनफूट. शंकूचं खरं घनफळ ७८.५ घनफूट, पेटीच्या पाव हिश्शाच्या जरा वर. वाळूच्या व्यवहारात १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, त्यामुळे हा ढीग पाऊण ब्रासच्या थोडा वर भरतो. व्यास त्रिज्या म्हणून घातला, तर ३१४ घनफूट येतात. पेटी ३०० ची आणि तिच्या आतला ढीग ३१४ चा, हे शक्य नाही. एक तृतीयांश करायचं विसरलं तर २३५.५ घनफूट येतात. हे पेटीत मावतात, पण पाव हिश्शाऐवजी पाऊण हिस्सा भरलेला दिसतो. त्यामुळे शंकूच्या बाबतीत ‘पेटीत मावलं’ एवढ्यावर थांबू नये, पाव हिस्सा जुळतो का ते पाहावं.

ही कसोटी एका ठिकाणी मात्र फसते. टाकीची उंची १.५ ऐवजी १५० च घातली, तर उत्तर १६९.५६ येतं. पेटीतही तेच १५० घातले तर २१६ येतात, आणि दोघांचं प्रमाण पुन्हा ०.७८५! एककाची चूक दोन्हीकडे सारखीच शिरली, म्हणून प्रमाणात दिसली नाही. एककांचा ताळा वेगळाच घ्यायला हवा.

त्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे सगळी मापं दुसऱ्या एककात घालून हिशोब नव्यानं करणं. टाकीची त्रिज्या ६० सेंटिमीटर, उंची १५० सेंटिमीटर. ३.१४ × ३,६०० × १५० म्हणजे १६,९५,६०० घनसेंटिमीटर. १,००० घनसेंटिमीटरांचा एक लिटर, म्हणून १,६९५.६ लिटर. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या. इथला सापळा असा की मीटरमध्ये १०० सेंटिमीटर असतात, म्हणून घनफळालाही १०० ने भागलं जातं. पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्हींत १०० पट आल्यानं एका घनमीटरात १० लाख घनसेंटिमीटर असतात.

दुसरा आधार ओळखीच्या वस्तूचा. बाजारात २०० लिटरचा ड्रम सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचा व्यास साधारण ५७ सेंटिमीटर आणि उंची ८५ सेंटिमीटर. आपली टाकी त्याहून दुप्पट रुंद आणि पावणेदोन पट उंच, म्हणजे चौपट आणि वर पावणेदोन पट, असे सातआठ ड्रम. १,७०० लिटर यात बसतात. १६९.५६ घनमीटर म्हणजे जवळपास १ लाख ७० हजार लिटर, ते बसत नाहीत. वाळूच्या ढिगाची उंची फुटांऐवजी ३६ इंच घातली, तर उत्तर बारापट होऊन साडेनऊ ब्रासच्या घरात जातं. कमरेइतक्या ढिगात एवढी वाळू नसते. चुकीचा पटही कारण सांगतो. १२ पट असेल तर एकच माप इंचात राहिलं, १०० पट असेल तर एकच माप सेंटिमीटरमध्ये, आणि ४ पट असेल तर व्यास-त्रिज्येची अदलाबदल झाली.

मापच चुकीचं घेतलं असेल तर हे ताळे ते सांगणार नाहीत. टाकीचा बाहेरचा व्यास घेतला, तर भिंतीची जाडीही पाण्यात धरली जाते. ढिगाच्या उतारावर टेप ठेवली, तर लंब उंचीऐवजी तिरकस उंची मिळते. वरच्या ढिगात ती ३ नाही, सुमारे ५.८ फूट भरते आणि घनफळ जवळपास दुप्पट दिसतं. कोरडी वाळू फार उभी राहत नाही, तिची उंची सहसा व्यासाच्या एक तृतीयांशापर्यंतच जाते. त्याहून बरीच जास्त उंची दिसली तर टेप पुन्हा लावावी.

म्हणून सूत्राला हात लावण्याआधी आकृतीवर प्रत्येक आकड्यापुढे त्याचं एकक आणि ‘व्यास’ की ‘त्रिज्या’ हे लिहा, सगळी मापं एकाच एककात आणा आणि उत्तराखाली पेटीचं घनफळ मांडा. वृत्तचिती पाऊण हिश्शाच्या जरा वर आणि शंकू पाव हिश्शाच्या जरा वर आला नाही, तर त्या उत्तरावर सिमेंट, वाळू किंवा पाणी मागवू नका.