दिवसाची विक्री आपोआप हिशेबात

दुकानाचं शटर खाली येतं तेव्हा दिवसभराची सगळी बिलं बिलिंग ॲपमध्ये तयार असतात. तरीही रात्री घरातलं कुणीतरी तेच आकडे पुन्हा हिशेबाच्या गुगल शीटमध्ये भरत बसतं. ही दुहेरी मेहनत टाळता येते. काही ॲप्स रोजच्या बिलांची सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी, ठरलेल्या वेळी ईमेलने पाठवतात. शीटसोबत मिळणाऱ्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला, की तो ती मेल शोधतो, फाइल उघडतो आणि एकेका बिलाची ओळ शीटमध्ये उतरवतो. रोज रात्री अकरा ते बाराची वेळ लावून दिली, की त्या तासात तो कधीतरी चालतो.

अडचण येते ती बदललेल्या बिलांची. समजा, स्टेशनरीच्या दुकानात आज १४,८६० रुपयांची विक्री झाली: रोख ६,२४०, यूपीआय ७,१२० आणि उधारी १,५००. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ३८० रुपयांची वह्या-पुस्तकं परत करतं आणि मालक कालचं बिल रद्द करतो. ॲपमध्ये कालची विक्री १४,४८० होते, शीटमध्ये मात्र १४,८६०च राहते. म्हणून फक्त आजची फाइल घेऊ नये. दर रात्री मागच्या सात दिवसांची बिलं मागवावीत आणि बिल नंबर आधीपासून शीटमध्ये असेल, तर नवी ओळ न जोडता जुनीच बदलावी. प्रोग्रॅम चुकून दोनदा चालला, तरी मग विक्री दुप्पट होत नाही. मात्र रद्द झालेलं बिल फाइलमधून गायबच होत असेल, तर त्याची ओळ शून्य करण्याची सोयही हवी.

दुसरा घोळ तारखांचा, आणि तो महिनाभर लक्षात येत नाही. शीटचं Locale अमेरिकेचं राहिलं, तर 05/06 म्हणजे ५ जून न राहता ६ मे होतो. १३ तारखेपासून मात्र शीटला तारीखच ओळखता येत नाही, कारण तेरावा महिना नसतो. ओळखायची खूण सोपी आहे: खऱ्या तारखा रकान्यात उजवीकडे टेकतात, न ओळखलेल्या डावीकडे सरकतात. सेटिंगमध्ये India निवडावं आणि मगच पहिली फाइल उतरवावी. आधी चुकलेल्या ओळी त्याने सुधारत नाहीत, त्या पुन्हा भराव्या लागतात.

प्रोग्रॅम बंद पडला तर गुगल ईमेलने कळवतं. पण ॲपकडून फाइलच आली नाही, तर प्रोग्रॅमच्या दृष्टीने काही बिघडलेलंच नसतं; तो रिकाम्या हाताने परततो आणि कुणाला काही कळत नाही. त्यासाठी दोन ओळी वाढवून, अशा दिवशी शीटमध्ये ‘फाइल आली नाही’ असं त्याच्याकडूनच लिहून घ्यावं. आणि गल्ल्यातली रोकड मोजायचं काम हातानेच करावं. सुरुवातीचे सुट्टे आणि जुन्या उधारीची वसुली वजा करून, किरकोळ खर्च मिळवल्यावर शीटमधल्या ६,२४० शी ती जुळली, तरच त्या दिवसाचा हिशेब पक्का धरावा.